चुंबकीय क्षेत्रातून खाली पडणारा आयताकृती लूप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीच्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या धड्यात आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीत हे गणित हमखास भेटतं. बहुतेक जण सूत्र पाठ करून पुढे जातात. पण त्याच सूत्रात थोडं खोल पाहिलं तर काही उत्तरं अशी निघतात की पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र घेतले आहेत. सगळ्या उत्तरांसाठी एकच लूप वापरला आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील.

प्रसंग नेमका काय आहे?

एक आडवी सीमारेषा मनात आणा. तिच्या वर सगळीकडे सारखं चुंबकीय क्षेत्र आहे, कागदाच्या आत जाणारं. रेषेच्या खाली क्षेत्र नाही. तांब्याच्या तारेचा बंद आयताकृती लूप कागदाच्या प्रतलात उभा धरला आहे. तो पूर्णपणे क्षेत्रात आहे आणि त्याची खालची बाजू बरोबर सीमेवर टेकलेली आहे. आता तो सोडला. खालची बाजू क्षेत्राबाहेर पडते, वरची बाजू अजून आत असते आणि वरची बाजूही बाहेर पडेपर्यंत लूपला ब्रेक लागत राहतो.

आपला लूप १० सेमी रुंद आणि २० सेमी उंच आहे. तार २ मिमी व्यासाची आहे. तांब्याची घनता ८९६० किग्रॅ प्रति घनमीटर आणि रोधकता १.६८ × १०⁻⁸ ओहम-मीटर धरली, तर ६० सेमी तारेचं वस्तुमान १६.९ ग्रॅम येतं आणि रोध फक्त ३.२ मिलिओहम. क्षेत्र ०.५ टेस्ला. रुंदीला `w`, उंचीला `h`, वस्तुमानाला `m`, रोधाला `R` आणि क्षेत्राला `B` म्हणू.

लूप पूर्ण क्षेत्रात असताना ब्रेक का लागत नाही? तेव्हाही तो क्षेत्ररेषा कापतच असतो.

कापत असतो हे खरं. वरच्या बाजूत `Bwv` इतका ईएमएफ तयार होतो आणि खालच्या बाजूतही तेवढाच. दोन्ही बाजूंमधले इलेक्ट्रॉन एकाच दिशेला ढकलले जातात. पण लूपभोवती फेरी मारत बेरीज केली तर वरची बाजू आपण डावीकडून उजवीकडे पार करतो आणि खालची उजवीकडून डावीकडे. त्यामुळे दोन्ही ईएमएफ एकमेकांविरुद्ध येतात आणि बेरीज शून्य होते. फ्लक्सच्या भाषेत सांगायचं तर लूपमधून जाणारा फ्लक्स बदलतच नाही. त्यामुळे प्रवाह नाही आणि बलही नाही. लूप दगडासारखा मुक्तपणे पडतो.

खालची बाजू बाहेर पडली की विरोध करणारा ईएमएफ नाहीसा होतो आणि वरच्या बाजूचा एकटा उरतो. ब्रेक तिथून सुरू होतो.

प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो?

कागदाच्या आत जाणारा फ्लक्स कमी होतो आहे. लेंझच्या नियमाप्रमाणे प्रवर्तित प्रवाह ही घट भरून काढायचा प्रयत्न करतो, म्हणजे स्वतःचं क्षेत्र लूपच्या आत कागदाच्या आतल्या दिशेने तयार करतो. त्यासाठी प्रवाह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाहायला हवा. वरच्या बाजूत तो डावीकडून उजवीकडे जातो आणि त्या तारेवरचं बल वर येतं.

तुमच्या गणितात बल खाली आलं, तर पुढे जाऊच नका. पडणाऱ्या लूपला क्षेत्रच आणखी खाली ढकलायला लागलं तर वेग वाढेल, प्रवाह वाढेल, बल आणखी वाढेल आणि ऊर्जा शून्यातून निर्माण होत राहील. चिन्ह तपासायचा याहून सोपा मार्ग नाही.

बल फक्त वरच्या बाजूवर का मोजायचं? उभ्या तारांचं काय?

उभ्या तारांचे क्षेत्रात असलेले भागही प्रवाह वाहतात, त्यामुळे त्यांच्यावर बल असतंच. डाव्या तारेवरचं बल डावीकडे आणि उजव्या तारेवरचं उजवीकडे. दोन्ही सारखी आणि विरुद्ध, म्हणून लूपच्या गतीवर त्यांचा परिणाम नाही. ती लूपला फक्त बाहेरच्या बाजूला ताणतात. खालची बाजू क्षेत्राबाहेर आहे, तिच्यावर बल नाही. उरते वरची बाजू:

```
ε = B w v
I = B w v / R
F = B I w = B² w² v / R
```

परीक्षेतली नेहमीची चूक इथेच होते: `w` च्या जागी उंची `h` घातली जाते. गतीला काटकोनात असलेली बाजू क्षेत्र कापते, हे एकदा चित्रात पाहिलं की घोटाळा होत नाही. `h` चं काम वेगळं आहे. ब्रेक किती अंतरापर्यंत लागत राहील ते `h` ठरवतो.

टर्मिनल वेग किती?

बल वेगाच्या प्रमाणात वाढतं, वजन मात्र तेवढंच राहतं. वेग वाढता वाढता एका टप्प्यावर दोन्ही सारखी होतात आणि त्यानंतर वेग बदलत नाही:

```
v_t = m g R / (B² w²)
```

आपल्या लूपचं वजन ०.१६६ न्यूटन आहे. ते पेलायला वरच्या बाजूत `mg/(Bw)` इतका, म्हणजे ३.३ अँपिअर प्रवाह हवा. ३.२ मिलिओहममधून ३.३ अँपिअर वाहायला फक्त १०.६ मिलिव्होल्ट पुरतात, आणि तेवढे मिळायला वेग २१ सेमी प्रति सेकंद लागतो. हा आहे टर्मिनल वेग.

मी मुद्दाम सूत्रात आकडे न घालता उलट बाजूने गेलो. आधी वजन, मग ते पेलणारा प्रवाह, मग त्या प्रवाहासाठी लागणारा ईएमएफ आणि शेवटी वेग. असं केलं की प्रत्येक पायरीला आकडा पटण्यासारखा आहे का ते कळतं. व्होल्टेज इतकं थोडं आणि प्रवाह इतका मोठा, हे या प्रयोगाचं वैशिष्ट्य आहे आणि प्रत्यक्ष करताना बहुतेक अडचणी त्यातूनच येतात.

हा वेग गाठायला किती वेळ लागतो?

काटेकोरपणे पाहिलं तर तो कधीच पूर्ण गाठला जात नाही, फक्त जवळ जवळ जात राहतो. न्यूटनचा दुसरा नियम लावला की असं समीकरण मिळतं:

```
m dv/dt = m g − B² w² v / R
v(t) = v_t (1 − e^(−t/τ)),   τ = m R / (B² w²) = v_t / g
```

`τ` हा या गतीचा कालांक आहे. `v_t` म्हणजे `g` गुणिले `τ`, एवढं लक्षात ठेवलं की दोन सूत्रं वेगळी पाठ करावी लागत नाहीत. आपल्या लूपसाठी `τ` येतो २२ मिलिसेकंद. तीन कालांकांनंतर, म्हणजे ६५ मिलिसेकंदांत, वेग टर्मिनल वेगाच्या ९५ टक्के होतो आणि तोवर लूप जेमतेम १ सेमी खाली आलेला असतो. उरलेलं १९ सेमी अंतर तो जवळपास एकाच वेगाने सरकतो. संपूर्ण बाहेर पडायला ०.९६ सेकंद लागतात. ब्रेक नसता तर २० सेमी पडायला ०.२ सेकंद पुरले असते आणि शेवटी वेग जवळजवळ २ मीटर प्रति सेकंद असता.

वरची बाजू सीमा ओलांडते त्या क्षणी प्रवाह थांबतो आणि लूप पुन्हा `g` ने वेग घेऊ लागतो.

प्रत्येक वेळी टर्मिनल वेग गाठला जातोच का?

नाही, आणि हे न तपासता उत्तर लिहून टाकणं धोक्याचं आहे. तोच लूप ०.१ टेस्लाच्या क्षेत्रातून सोडा. क्षेत्र पाच पट कमी, म्हणून टर्मिनल वेग २५ पट जास्त: ५.३ मीटर प्रति सेकंद. कालांक ०.५४ सेकंद. पण लूप ०.२२ सेकंदांतच बाहेर पडतो, तोवर त्याचा वेग फक्त १.७४ मीटर प्रति सेकंद झालेला असतो. मुक्तपणे पडला असता तर १.९८ झाला असता. ब्रेक लागला आहे, पण टर्मिनल वेगाचा इथे काही संबंध उरलेला नाही.

कसोटी सोपी आहे. `v_t²/g` हे अंतर काढा आणि `h` शी तुलना करा. ०.५ टेस्लाला हे अंतर साडेचार मिलिमीटर येतं, २० सेमीपुढे किरकोळ. ०.१ टेस्लाला ते जवळपास ३ मीटर येतं, लूपच्या उंचीच्या कितीतरी पट. पहिल्या बाबतीत "लूप टर्मिनल वेगाने बाहेर पडतो" म्हणता येतं, दुसऱ्यात नाही.

लूप आधीच वेगात असेल तर?

समजा लूप सीमेच्या १० सेमी वरून, पूर्ण क्षेत्रात असताना सोडला. सीमेपर्यंत तो मुक्तपणे येतो आणि खालची बाजू बाहेर पडते तेव्हा वेग १.४ मीटर प्रति सेकंद असतो, टर्मिनल वेगाच्या साडेसहा पट. बलही वजनाच्या साडेसहा पट होतं. वजन वजा केलं तर साडेपाच `g` इतकं मंदन वर दिशेने. प्रवाह क्षणभर २२ अँपिअरच्या घरात जातो.

कालांक मात्र तोच, २२ मिलिसेकंद. पाच-सहा सेमी उतरेपर्यंत वेग पुन्हा २१ सेमी प्रति सेकंदाच्या अगदी जवळ येतो. म्हणजे लूप कितीही वेगाने सीमेवर आला तरी त्याच वेगाकडे ओढला जातो: कमी असेल तर खालून, जास्त असेल तर वरून. आलेखात दोन्ही वक्र एकाच आडव्या रेषेला चिकटतात. विद्यार्थ्यांकडून मी हे दोन आलेख एकाच कागदावर काढून घेतो, कारण "टर्मिनल वेग म्हणजे सर्वांत जास्त वेग" हा गैरसमज त्याशिवाय जात नाही.

जाड तार घेतली तर लूप जास्त वेगाने पडेल की हळू?

या पानावरचा माझा सर्वांत आवडता प्रश्न हा आहे. वर्गात विचारला की दोन तट पडतात. एक म्हणतो जाड तार जड, म्हणून वेग जास्त. दुसरा म्हणतो जाड तारेचा रोध कमी, प्रवाह जास्त, म्हणून वेग कमी. दोघांचीही कारणं बरोबर आहेत आणि दोन्ही कारणं एकमेकांना तंतोतंत खोडतात.

सूत्रात `m` आणि `R` गुणाकाराने येतात. तारेचा छेद `A` आणि लूपचा परीघ `P` घ्या. वस्तुमान म्हणजे घनता गुणिले `A` गुणिले `P`. रोध म्हणजे रोधकता गुणिले `P` भागिले `A`. गुणाकार केला की `A` निघून जातो:

```
m R = (घनता × रोधकता) × P²
v_t = 4 g (घनता × रोधकता) (1 + h/w)² / B²
```

तार ४ मिमीची केली तर लूप ६८ ग्रॅमचा होईल, रोध ०.८ मिलिओहम होईल आणि प्रवाह १३ अँपिअरवर जाईल. १ मिमीची केली तर लूप ४ ग्रॅमचा आणि प्रवाह ०.८ अँपिअर. वेग तिन्हींचा २१ सेमी प्रति सेकंदच. कालांकही तोच, त्यामुळे तिन्ही लूप शेजारी शेजारी सोडले तर ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबरीने उतरतील.

वेढे वाढवूनही काही होत नाही. त्याच तारेचे पाच वेढे घेऊन ते एकसर जोडले तर ईएमएफ पाच पट, रोध पाच पट, म्हणून प्रवाह तोच. बल पाच तारांवर लागतं म्हणून पाच पट, पण वजनही पाच पट झालेलं असतं.

या निकालाला मर्यादा आहे. तारेची जाडी लूपच्या रुंदीच्या मानाने किरकोळ असेल तोवरच तो खरा. जाडी वाढत गेली की "रुंदी" नेमकी कुठून कुठवर मोजायची ते सांगता येत नाही आणि तारेच्या पोटातच भोवरा प्रवाह फिरू लागतात.

मग वेग बदलायचा असेल तर काय बदलावं?

त्या दुसऱ्या ओळीत तीनच गोष्टी उरल्या आहेत: धातू, आकाराचं प्रमाण आणि क्षेत्र.

धातूची गंमत बघा. महत्त्वाचा असतो तो घनता आणि रोधकता यांचा गुणाकार. अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा वाईट वाहक आहे, पण त्याहून कितीतरी हलका. शुद्ध अॅल्युमिनियमचा गुणाकार तांब्याच्या निम्म्याहूनही थोडा कमी येतो, म्हणून त्याच आकाराचा अॅल्युमिनियमचा लूप १० सेमी प्रति सेकंदाने उतरेल. चांदी ही तांब्याहून चांगली वाहक, पण जड. तिचा लूप तांब्यापेक्षा थोडा वेगाने, साधारण साडेतेवीस सेमी प्रति सेकंदाने पडेल. उत्तम वाहक म्हणजे उत्तम ब्रेक, हा अंदाज इथे चुकतो. उलट तोच तांब्याचा लूप द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून थंड केला तर घनता जवळपास तेवढीच राहते आणि रोधकता सात-आठ पट कमी होते. मग वेगही सात-आठ पट कमी.

आकाराचा परिणाम पाहायला वेगळा लूप लागत नाही. आपलाच लूप आडवा करा: रुंदी २० सेमी, उंची १० सेमी. वस्तुमान तेच, रोध तोच, `w` दुप्पट. टर्मिनल वेग बरोबर चौथा हिस्सा, ५.३ सेमी प्रति सेकंद. उतरायचं अंतर निम्मं झालं तरी वेळ दुप्पट लागतो, जवळपास १.९ सेकंद.

फक्त प्रमाण उरलं आहे याचा आणखी एक फायदा होतो. लूप लहान केला तरी वेग बदलत नाही. २ सेमी × ४ सेमीचा लूप त्याच क्षेत्रात २१ सेमी प्रति सेकंदानेच उतरेल. प्रयोग करणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे, कारण अर्धा टेस्ला आणि तेही २० सेमी उंचीवर सारखं, असं क्षेत्र शाळा-कॉलेजात मिळत नाही. ४ सेमीसाठी ते जमवता येतं.

चुंबकीय बल काम करत नाही असं शिकवतात. मग लूपचा वेग कोण रोखतं आणि उष्णता कुठून येते?

तारेतल्या एका इलेक्ट्रॉनकडे बघा. त्याच्या वेगाचे दोन भाग आहेत: लूपबरोबर खाली, आणि तारेच्या लांबीच्या दिशेने आडवा. चुंबकीय बल या एकूण वेगाला काटकोनात असतं, म्हणून त्याचं एकूण काम शून्य. पण त्या बलाचेही दोन भाग पडतात. आडवा भाग इलेक्ट्रॉनला तारेतून पुढे ढकलतो आणि धन काम करतो. तोच आपला ईएमएफ. उभा भाग वर असतो आणि लूप खाली जात असल्यामुळे ऋण काम करतो; तोच आपला ब्रेक. दोन्ही कामं आकाराने सारखी, विरुद्ध चिन्हाची.

म्हणजे क्षेत्र स्वतःच्या खिशातून एक पैसाही देत नाही. गुरुत्वाकर्षणाने दिलेली ऊर्जा ते पडण्याच्या गतीतून काढून प्रवाहात टाकतं, आणि तारेचा रोध तिची उष्णता करतो. टर्मिनल वेगाला `mgv` आणि `I²R` दोन्ही ३५ मिलिवॅट येतात. स्वतः गुणून बघा.

पूर्ण उतरताना गुरुत्वाकर्षण ३३ मिलिज्यूल ऊर्जा देतं. त्यातली गतिज ऊर्जा म्हणून उरते ती फक्त ०.४ मिलिज्यूल, बाकी सगळी तारेत जाते. तरी तार गरम झालेली हाताला कळणार नाही. १७ ग्रॅम तांब्याचं तापमान त्याने अंशाच्या दोनशेव्या भागाएवढं वाढतं. त्यामुळे तापून रोध बदलेल ही काळजी इथे करायची गरज नाही.

प्रत्यक्ष प्रयोगात वेग गणितापेक्षा जास्त येतो. काय चुकत असेल?

नव्वद टक्के वेळा मी आधी जोड तपासायला सांगतो. संपूर्ण लूपचा रोध ३ मिलिओहम आहे. तारेची टोकं नुसती पिळून जोडली तर तो जोड एकटाच तेवढा किंवा त्याहून जास्त रोध देऊ शकतो, आणि रोध दुप्पट म्हणजे वेग दुप्पट. टोकं घासून साफ करून, एकमेकांवर थोडी चढवून भरपूर शिसं-कथलाचं सोल्डर भरा. त्याहून चांगलं म्हणजे पत्र्यातून जोड नसलेली चौकट कापून घ्या. जोड दोषी आहे हे ओळखायची खूण अशी: तोच लूप पुन्हा पुन्हा सोडला, जोडाला जरा हलवलं की वेग बदलतो.

साध्या मल्टिमीटरने हा रोध मोजायला जाऊ नका. त्याच्या वायरींचाच रोध लूपच्या अनेक पट असतो, त्यामुळे आकडा निरर्थक येतो. लूप जोडण्याआधी सरळ तारेतून १ अँपिअर प्रवाह सोडा आणि तारेवर आतल्या बाजूला दोन वेगळ्या पिनांनी मिलिव्होल्ट मोजा. १ अँपिअरला ३.२ मिलिव्होल्ट मिळायला हवेत.

दुसरं कारण म्हणजे क्षेत्र तुम्ही समजता तेवढं नसणं. निओडायमियम चुंबकांच्या पाकिटावर लिहिलेला टेस्लाचा आकडा हा पदार्थाचा असतो. दोन चुंबकांमधल्या फटीत तो मिळत नाही, आणि फट वाढवली की क्षेत्र झपाट्याने घटतं. सूत्रात `B` चा वर्ग आहे, म्हणून क्षेत्र मोजण्यात १० टक्के चूक झाली तर वेगात २० टक्के फरक पडतो. हॉल प्रोब असलेल्या गॉसमीटरने, लूपची वरची बाजू जिथून जाते तिथेच मोजा. फोनमधला चुंबकीय सेन्सर यासाठी उपयोगाचा नाही; तो काही मिलिटेस्लापलीकडे जात नाही, आणि एवढं जोरदार चुंबक फोनजवळ नेणंही बरं नाही.

लूप तिरका झाला, फटीच्या भिंतीला घासला, तर वेग कमी येतो आणि धक्क्याधक्क्याने बदलतो. लूप रुळावर सरकवण्याऐवजी दोन बारीक नायलॉनच्या दोऱ्यांनी वाट दाखवा. २ × ४ सेमीचा लूप साधारण ०.२ सेकंदांत बाहेर पडतो. २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये त्याच्या पन्नासेक फ्रेम मिळतात. मागे मिलिमीटरचा आलेख कागद चिकटवा आणि फ्रेमगणिक जागा टिपा. जागा-वेळ आलेख सरळ रेषेत आला तर टर्मिनल वेग गाठला आहे. तो वर वळत असेल तर लूप अजून वेग घेतो आहे.

आणि लूप करवतीने एका जागी कापून तोच प्रयोग पुन्हा करा. ईएमएफ अजूनही तयार होतो, पण प्रवाहाला वाट नाही; लूप सपकन खाली जातो. घर्षण किती आणि चुंबकाचा ब्रेक किती, हे या एका तुलनेत वेगळं होतं.

क्षेत्राची सीमा इतकी धारदार असते का?

नसते, असूच शकत नाही. चुंबकाच्या कडेला क्षेत्र हळूहळू विरतं, साधारण फटीच्या रुंदीएवढ्या अंतरात. पण गणिताला त्याने फारसा धक्का लागत नाही. खरा ईएमएफ वरच्या आणि खालच्या बाजूंजवळच्या क्षेत्रांच्या फरकावर ठरतो:

```
ε = (B_वर − B_खाली) w v
```

वरची बाजू पूर्ण क्षेत्रात आणि खालची पूर्ण बाहेर असेल, तर मधे क्षेत्र कसं विरलं याला महत्त्व नाही. सुरुवातीला आणि शेवटी, एखादी बाजू त्या विरत्या पट्ट्यात असताना, ब्रेक हळू चढतो आणि हळू उतरतो एवढंच. म्हणून फट लूपच्या उंचीपेक्षा बरीच लहान ठेवा. ४ सेमी उंच लूपला ३ सेमीची फट असेल तर सगळा प्रवास त्या पट्ट्यातच संपेल.

लूपचं स्वप्रवर्तन का धरत नाही?

आपल्या लूपचं स्वप्रवर्तन `L` साधारण अर्धा मायक्रोहेन्री येतं. त्याला रोधाने भागलं की ०.१५ मिलिसेकंद. प्रवाहाला वेगाच्या मागे यायला एवढाच वेळ लागतो, आणि वेग बदलायला २२ मिलिसेकंद. म्हणून प्रत्येक क्षणी `I = Bwv/R` लिहिणं चालतं.

रोध शून्यच असेल तर? सूत्र टर्मिनल वेग शून्य सांगतं.

तिथे वरचं उत्तर मोडतं आणि स्वप्रवर्तनाशिवाय चालत नाही. रोध नसेल तर लूपमधला एकूण फ्लक्स बदलूच शकत नाही. लूप `y` इतका खाली आला की गमावलेला `Bwy` फ्लक्स प्रवाहाने स्वतः भरून काढायला हवा, म्हणून `I = Bwy/L`. आता बल वेगाच्या नाही, अंतराच्या प्रमाणात आहे. ही स्प्रिंग झाली, आणि लूप पडण्याऐवजी आंदोलन करतो:

```
ω = B w / √(m L)
```

आपल्या आकड्यांनी हे सेकंदाला ८७ आंदोलनं येतात आणि आयाम मिलिमीटरचा तिसावा भाग. लूप सीमेवर लटकून राहील आणि त्याचं थरथरणं डोळ्यांना दिसणारही नाही. त्यात किंचित रोध घाला, की आंदोलनं विरतात आणि लूप अतिशय सावकाश, पण निश्चितपणे, खाली सरकू लागतो; त्या सरकण्याचा वेग पुन्हा `mgR/(B²w²)` च असतो.